स्कॅन होत नाही, म्हणजे नेमकं काय होत नाही?

सोलापूरहून तुळजापूरकडे निघालं की मधे तामलवाडी लागतं. हायवेवरच्या कुठल्याही गावात असतं तसं दुकान तिथंही आहे. झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, पासपोर्ट फोटो, रिचार्ज, सगळं एकाच काउंटरवर. आत दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि भिंतीला टेकून उभी असलेली पाच-सहा माणसं.

त्या संध्याकाळी त्या माणसांत मीही होतो. पुढे एक मुलगी होती, नुकतीच बारावी झालेली. कॉलेजच्या प्रवेशाचा अर्ज भरायचा होता आणि मुदत त्याच रात्री संपणार होती. मार्कशीट, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर, आधार, फोटो, सही. एकूण १४ फायली, आणि त्या सगळ्या घरच्या ग्रुपवर वेगवेगळ्या दिवशी टाकलेल्या. दुकानातला पोरगा म्हणाला, “एकेक कुठं पाठवत बसताय ताई? वेबच लावा, सगळं एकदम उतरवून घेतो.”

तिनं फोन काढला आणि स्क्रीनवरच्या कोडसमोर धरला. काही झालं नाही. जवळ नेला, लांब नेला, काही नाही. कोड बदलला, तरी काही नाही. मग एकदा कॅमेरा बंद झाला, गोल फिरायला लागलं, आणि बऱ्याच वेळानं निरोप आला की जोडता आलं नाही, पुन्हा प्रयत्न करा. तिनं पुन्हा प्रयत्न केला. मी मोजलं नाही, पण दहाच्या वर वेळा केला असेल.

“स्कॅनच होईना की ओ,” ती म्हणाली.

“तुमच्या मोबाइललाच प्रॉब्लेम हाय,” पोरगा म्हणाला.

आणि मागून एक काका कुणालाच उद्देशून नाही असं दाखवत म्हणाले, “मोबाइल घेऊन देतेत, पण वापराय येत नाही.”

हा लेख त्या काकांच्या वाक्याविरुद्ध आहे. ते वाक्य फक्त त्यांचं नाही. दुकानदार तेच म्हणतो, घरातला धाकटा भाऊ तेच म्हणतो, आणि ‘पुन्हा प्रयत्न करा’ म्हणणारा तो निरोपही सभ्य भाषेत तेच सुचवतो. तुमच्याकडून काहीतरी चुकलंय, नीट करा. पण नीट म्हणजे काय, ते कुणी सांगत नाही. माझं म्हणणं असं आहे की ‘स्कॅन होत नाही’ हे एक वाक्य तीन वेगळ्या बिघाडांना झाकतं. तीनही बिघाड वेगवेगळ्या जागी होतात, तिन्हींचे उपाय वेगळे आहेत, आणि त्यातला कुठला झाला हे अ‍ॅपला बऱ्याचदा कळण्यासारखं असतं. न सांगण्याची किंमत मात्र काउंटरसमोर उभं राहिलेलं माणूस भरतं.

आधी तो चौकोन म्हणजे काय ते बघू. पुष्कळांना वाटतं की त्या कोडमध्ये आपला नंबर, पासवर्ड किंवा चॅट असतात. तसं काही नसतं. तुम्ही कॉम्प्युटरवर web.whatsapp.com उघडलं की तो कॉम्प्युटर स्वतःसाठी किल्ल्यांच्या जोड्या तयार करतो. प्रत्येक जोडीतली एक किल्ली तो स्वतःकडेच लपवून ठेवतो, दुसरी सगळ्यांना दाखवायची असते. ती दाखवायची किल्ली, आणि सर्व्हरनं दिलेली एक तात्पुरती पावती, असं सगळं त्या चौकोनात लिहिलेलं असतं. म्हणजे कोड हा कॉम्प्युटरचा अर्ज आहे. ‘मी अमुक यंत्र, मला आत घ्या.’ त्यावर सही करणारा जामीनदार म्हणजे तुमचा फोन. फोन कोड वाचतो, त्यातल्या किल्लीवर आपली मोहोर उठवतो, ती सर्व्हरमार्फत पोचवतो, आणि मग तो कॉम्प्युटर तुमच्या खात्याचा भाग होतो.

यात तीन टप्पे आहेत. कॅमेऱ्यानं कोड वाचणं, तो कोड वाचेपर्यंत जिवंत असणं, आणि वाचल्यावर फोननं जामीन पोचवणं. पहिला डोळ्याचा, दुसरा घड्याळाचा, तिसरा नेटचा. लोक तिन्हींना ‘स्कॅन’ म्हणतात. खरं तर स्कॅन फक्त पहिला आहे.

पहिल्या टप्प्यापासून सुरू करू, कारण त्या मुलीचंही तिथंच अडलं होतं. क्यूआर कोड १९९४ साली जपानमध्ये डेन्सो वेव्ह कंपनीत मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केला, तो मोटारींच्या सुट्या भागांचा हिशोब ठेवण्यासाठी. त्याच्या तीन कोपऱ्यांत जे मोठे चौकोन दिसतात, त्यांवरून वाचणाऱ्याला कळतं की कोड कुठं आहे आणि कुठल्या बाजूला कललाय. म्हणून ‘सरळ धर, सरळ धर’ हा सल्ला बहुतेक वेळा फुकट असतो. कोड तिरका वाचता येतो, उलटाही वाचता येतो. त्याला दोन गोष्टी मात्र लागतात. काळ्या-पांढऱ्यातला स्पष्ट फरक, आणि चारही बाजूंनी थोडी मोकळी पांढरी चौकट.

फरक कधी जातो? मॉनिटरचा प्रकाश अगदी कमी केलेला असतो तेव्हा. ट्यूबलाइट थेट काचेवर चमकत असते तेव्हा. ब्राउजरमध्ये सगळी पानं काळी करणारं एखादं एक्स्टेंशन टाकलेलं असतं तेव्हा, कारण ते कोडच्या मागचा पांढरा रंगही करडा करून टाकू शकतं. आणि सगळ्यात जास्त वेळा, फोनच्या कॅमेऱ्यावर दोन वर्षांचे ओरखडे आणि बोटांचं तेल असतं तेव्हा. कोड मुळात फाटका-मळका असला तरी वाचता यावा अशी सोय त्यात केलेली असते. सगळ्यात वरच्या पातळीवर साधारण ३० टक्के भाग खराब झाला तरी मजकूर परत मिळवता येतो. पण ही सोय एखाद्या जागी डाग पडला तर कामाची. सगळं चित्रच धूसर आलं तर ती काय करणार?

स्वस्त फोनची आणखी एक अडचण असते, आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. बऱ्याच कॅमेऱ्यांना फार जवळचं स्पष्ट दिसत नाही. कोड वाचला नाही की आपण फोन आणखी जवळ नेतो आणि चित्र आणखी बिघडतं. करायचं असतं उलट. कॉम्प्युटरवर कंट्रोल दाबून अधिकचं बटण दोन-तीनदा दाबायचं, म्हणजे पान आणि त्यातला कोड मोठा होतो. मग फोन हातभर मागे घ्यायचा. त्या मुलीला मी एवढंच सांगितलं, आणि कॅमेऱ्याची काच ओढणीच्या टोकानं पुसायला लावली. पहिल्याच खेपेला कॅमेरा बंद झाला आणि गोल फिरू लागलं.

इथं एक खूण लक्षात ठेवा, कारण सगळं निदान तिच्यावर आहे. कॅमेरा बंद होऊन काहीतरी फिरायला लागलं, म्हणजे स्कॅन झालं. त्यानंतर जे बिघडेल त्याचा कॅमेऱ्याशी, हाताच्या थरथरीशी, कोड धरण्याच्या कोनाशी काडीचा संबंध नाही. आणि कॅमेरा नुसता चालूच राहिला, तर अडचण डोळ्याची आहे किंवा तुम्ही चुकीच्या जागेवरून बघताय. पैसे पाठवायच्या अ‍ॅपचा स्कॅनर किंवा फोनचा साधा कॅमेरा इथं चालत नाही. त्याच अ‍ॅपमध्ये Linked devices उघडून तिथला स्कॅनर वापरावा लागतो. तरीही शंका असेल तर त्याच फोननं दुकानातला पैसे घ्यायचा कोड वाचून बघा. तो वाचला तर फोनचा डोळा शाबूत आहे, कॉम्प्युटरची स्क्रीन तपासा. तोही वाचला नाही तर काच पुसा. या चाचणीला दहा सेकंद लागतात. दहा वेळा तेच करण्यापेक्षा बरं.

दुसरा टप्पा घड्याळाचा. तो कोड फार काळ टिकत नाही. पान उघडं ठेवलं तर दर काही सेकंदांनी, साधारण २० सेकंदांनी, आपोआप बदलतो आणि थोड्या वेळानं बदलायचाही थांबतो. मग त्यावर पुन्हा लोड करायची खूण येते. हे मुद्दाम केलेलं आहे. कोड म्हणजे उघडा अर्ज, तो तासभर जिवंत राहिला तर कुणीही त्याचा फोटो काढून दुसऱ्याकडून सही करून घेईल. म्हणूनच ‘दादा, मी पुण्यात आहे, तू कोडचा फोटो पाठव, मी इथून स्कॅन करतो’ हा प्रकार सहसा जमत नाही. फोटो पोचेपर्यंत कोड मेलेला असतो. तो जमत नाही ते बरंच आहे.

पण ज्या फोनला अ‍ॅप उघडायलाच दहा सेकंद लागतात, आणि त्यातून Linked devices सापडायला आणखी दहा, त्याच्यासाठी हे घड्याळ निर्दय आहे. उपाय साधा आहे, पण तो उलट्या क्रमाचा आहे. आधी फोनवरचा स्कॅनर उघडून तयार ठेवायचा आणि मग कॉम्प्युटरवरचं पान ताजं करायचं. दुकानात नेहमी उलटं होतं. पान आधीपासून उघडं, कोड शिळा होत चाललेला, आणि गिऱ्हाईक फोनमध्ये मेनू शोधतंय.

तिसरा टप्पा नेटचा, आणि त्या संध्याकाळी खरी गोम तिथं होती. कॅमेरा बंद होत होता, गोल फिरत होतं आणि तरी जोडलं जात नव्हतं. तिच्या फोनवर सिग्नलच्या चारही काड्या होत्या. “नेट आहे की,” ती म्हणाली, “मेसेज येतेत.” मेसेज येत होते हे खरं होतं. मी विचारलं, “आजचा डेटा किती उरलाय?” तिनं बघितलं. दिवसाचा कोटा दुपारीच संपला होता.

रोजच्या डेटाचे जे प्लॅन आपण मारतो, त्यांतल्या अनेकांत कोटा संपल्यावर नेट बंद होत नाही. त्याचा वेग ६४ केबीपीएसवर येतो. आकडा छोटा वाटत नाही, म्हणून हिशोब करून बघा. ६४ किलोबिट म्हणजे सेकंदाला ८ किलोबाइट. साधा २ एमबीचा एक फोटो जायचा तर सुमारे २५० सेकंद, म्हणजे चार मिनिटांच्या वर. ‘हो’, ‘आले’, ‘जेवलास का’ एवढे मेसेज त्या वेगात येतात-जातात, म्हणून माणसाला वाटतं नेट चालू आहे. पण नवीन कॉम्प्युटर जोडताना फोनला सर्व्हरशी ठरलेल्या वेळात देवाणघेवाण पुरी करायची असते, आणि त्यानंतर अलीकडच्या गप्पांचा गठ्ठा कुलूपबंद करून त्या कॉम्प्युटरकडे पाठवायचा असतो. तिथं ६४ केबीपीएसचा दम तुटतो. चार काड्या टॉवर जवळ आहे एवढंच सांगतात. पाइपमध्ये पाणी किती आहे ते सांगत नाहीत.

दुकानातल्या पोरानं स्वतःचा हॉटस्पॉट दिला. तिनं पुन्हा कोड धरला आणि काही सेकंदांत चॅट उघडले. म्हणजे तिच्या मोबाइलला प्रॉब्लेम नव्हता. तिला वापरता येत नव्हता असंही नव्हतं. एक काच मळलेली होती आणि एक कोटा संपलेला होता. हे दोन वेगळे बिघाड एकाच वेळी होते, म्हणून एक दुरुस्त करून भागत नव्हतं. दोष त्या दिवशी अ‍ॅपचाही नव्हता, हे प्रामाणिकपणे सांगतो. पण समोर उभ्या असलेल्या पाच-सहा जणांपैकी एकालाही हे कळू शकलं नाही, हा दोष कुणाचा? ‘कोड वाचला, पण तुमच्या फोनचं नेट फार हळू आहे’ असं एक वाक्य स्क्रीनवर आलं असतं तर पाऊण तास वाचला असता, आणि काकांना बोलायला जागा राहिली नसती.

तिसऱ्या टप्प्यात बिघडण्यासारखं आणखीही असतं. अ‍ॅप जुनं असतं. फोनची तारीख-वेळ चुकीची असते, आणि ती गेममध्ये फुकट लाइफ मिळवण्यासाठी आपणच पुढे ढकललेली असते. फोनवर व्हीपीएन चालू असतो. ब्राउजरनं त्या साइटला काही साठवायची परवानगीच नाकारलेली असते. दुकानातला कॉम्प्युटर विंडोज ७ वर असतो, जिच्यासाठी क्रोम १०९ ही शेवटची आवृत्ती ठरली आणि २०२३ पासून पुढची आलीच नाही. या प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे, आणि ‘पुन्हा प्रयत्न करा’ हा त्यांपैकी एकाचाही उपाय नाही.

आता त्या संध्याकाळचा दुसरा भाग. तो सांगितल्याशिवाय हा सगळा त्रास नुसत्या गैरसोयीचा वाटेल.

जोडणी झाल्यावर मी तिला म्हटलं, काम झालं की Linked devices उघडून इथला कॉम्प्युटर काढून टाक. तिनं यादी उघडली. यादीत या दुकानाचा कॉम्प्युटर होता, आणि त्याच्या खाली आणखी दोन होते. दोन्ही विंडोज, दोन्हीवर क्रोम. एकाखाली लिहिलं होतं की तो आज सकाळीच वापरात होता. ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, “हे सोलापूरच्या क्लासमधलं असेल. पण ते तर मी तेव्हाच… मी तर तिथनं निघून आले होते.”

निघून आले म्हणजे बंद झालं, असं तिला वाटत होतं. हा समज मूर्खपणाचा नाही. एके काळी तो बराचसा बरोबर होता. व्हॉट्सअ‍ॅपची वेब आवृत्ती जानेवारी २०१५ मध्ये आली तेव्हा कॉम्प्युटर हा फोनचा आरसा होता. फोनचं नेट गेलं की आरसा आंधळा. २०२१ मध्ये हे बदलायला सुरुवात झाली. आता जोडलेला कॉम्प्युटर स्वतःच्या किल्लीवर चालतो. असे चार कॉम्प्युटर एका खात्याला जोडता येतात, आणि तुमचा फोन बंद असला तरी ते चालतात. फोन १४ दिवसांहून जास्त वापरला नाही तर ते तुटतात, पण रोज फोन वापरणाऱ्याला या १४ दिवसांचा काही उपयोग नाही. म्हणजे तुम्ही दुकानातून घरी आलात, जेवलात, झोपलात, आणि तिकडे त्या काउंटरवर तुमचे मेसेज येतच राहिले. बदल मोठा होता, पण तो ज्यांना सांगायला हवा होता त्यांच्यापर्यंत तो कुणी नेला नाही.

तिनं दोन्ही काढून टाकले. कुणी काही वाचलं होतं का, हे कळायला मार्ग नव्हता. त्या न कळण्याचा चेहरा मी पाहिला आहे, म्हणून हा लेख लिहितोय.

आणि आता सांगा, स्कॅन अडण्याचा आणि या यादीचा संबंध काय? संबंध थेट आहे. स्कॅन दहा वेळा फसलं की अकराव्या वेळी दुकानदार म्हणतो, “आणा इकडे, मी करतो.” आणि आपण फोन देतो. लाजेनं देतो, मागे रांग आहे म्हणून देतो, काका बोलतील म्हणून देतो. उघडा फोन दुसऱ्याच्या हातात जातो आणि तो काय काय दाबतो हे आपण बघत नाही. जो स्वतः जोडत नाही तो स्वतः तोडायलाही शिकत नाही. अडाणीपणाचा शिक्का माणसाला आधी गप्प करतो आणि मग उघडं पाडतो.

याच ठिकाणी एक सरकारी आदेश येऊन उभा राहतो. २८ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्राच्या दूरसंचार विभागानं मेसेजिंग अ‍ॅप्सना सांगितलं की खातं ज्या सिमवर उघडलं ते सिम फोनमध्ये असल्याशिवाय अ‍ॅप चालू नये, आणि वेबवरची जोडणी जास्तीत जास्त ६ तासांनी आपोआप तुटावी. पुन्हा जोडायची सोय क्यूआर कोडनं असावी. त्यासाठी ९० दिवस दिले होते. कारण दिलं ते सायबर फसवणुकीचं. भारतीय नंबरवर खातं उघडायचं, सिम इथं ठेवून अ‍ॅप परदेशातून चालवायचं आणि इथल्या माणसांना लुटायचं, हे धंदे खरोखर चालतात.

या आदेशाला मी सरसकट वाईट म्हणणार नाही. म्हणता येणारच नाही, कारण त्या मुलीच्या यादीतले ते दोन कॉम्प्युटर सहा तासांच्या नियमानं त्याच दिवशी तुटले असते. जे काम तिला कुणी शिकवलं नाही ते यंत्रानं केलं असतं. या बाजूला वजन आहे आणि ते मी मान्य करतो.

पण दुसऱ्या बाजूचा हिशोबही करा. दुकान सकाळी ९ ला उघडतं आणि रात्री ९ ला बंद होतं. दुकानाचं स्वतःचं खातं दिवसभर वेबवर असतं, कारण गिऱ्हाईक तिथंच फायली पाठवतं. सहा तासांचा नियम लागला की सकाळी एकदा आणि दुपारी ३ ला एकदा, असं रोज दोनदा स्कॅन. महिन्याला साठाच्या आसपास. दुपारी ३ वाजता दुकानाचा फोन मालकाच्या खिशात शेतावर असेल तर काउंटर बंद. ज्या दाराची कडी वर्षातून दोनदा अडत होती ते दार आता रोज दोनदा उघडायचं, आणि कडी मात्र तीच गंजलेली. शिवाय जी गोष्ट रोज करावी लागते तिच्याकडे माणूस बघायचं सोडतो. महिन्यातून एकदा कोड समोर आला तर आपण विचारतो, हे कशाचं? रोज दोनदा आला तर हात आपोआप पुढे जातो. फसवणारा त्याच हाताची वाट बघत असतो.

म्हणून माझं भांडण सहा तासांशी नाही. भांडण या गोष्टीशी आहे की सुरक्षेचा सगळा भार ज्या एका क्रियेवर टाकलाय, ती क्रिया फसली की का फसली हे सांगायची जबाबदारी कुणावरच टाकलेली नाही. आदेश काढणाऱ्यांनी जोडणी कधी तुटावी हे लिहिलं. जोडणी न जमल्यास माणसाला त्याच्या भाषेत कारण सांगा, हेही लिहायला हवं होतं.

अ‍ॅप बनवणाऱ्यांकडे माझ्या मागण्या तीनच आहेत, आणि त्यातली एकही आकाशातली नाही.

एक, कुठला टप्पा फसला ते सांगा. कोड दिसला नाही, कोड शिळा झाला, की कोड वाचला पण नेट अपुरं पडलं. तीन वाक्यं, मराठीत. आपोआप भाषांतर केलेल्या मराठीत नाही, तामलवाडीच्या काउंटरवर वाचून कळेल अशा मराठीत.

दोन, दुसरा दरवाजा लपवू नका. कॅमेरा फुटलेल्या फोननंही जोडता येतं, हे किती जणांना माहीत आहे? व्हॉट्सअ‍ॅपमध्ये २०२३ पासून फोन नंबरनं जोडायची सोय आहे. कॉम्प्युटरवर नंबर टाकला की ८ अक्षरांचा कोड दिसतो आणि तो फोनमध्ये टाइप करायचा. फोनवर स्कॅनरच्या खाली Link with phone number instead अशी एक बारीक ओळ असते, तीच ही वाट. दहा वेळा स्कॅन फसल्यावर अ‍ॅपनं स्वतःहून ती पुढे करायला हवी. मात्र या वाटेवर एक खड्डा आहे आणि तो सांगितल्याशिवाय मी पुढे जाणार नाही. फसवणारा तुमचा नंबर स्वतःच्या कॉम्प्युटरवर टाकतो आणि मिळालेला कोड तुम्हाला फोनवर किंवा मेसेजवर सांगतो, ‘हा टाका, तुमचं खातं व्हेरिफाय होईल.’ तुम्ही टाकता आणि त्याचा कॉम्प्युटर तुमच्या खात्यात येतो. म्हणून नियम एकच. कोड तुमच्या समोरच्या, तुमच्या डोळ्यांना दिसणाऱ्या स्क्रीनवर असेल तरच टाकायचा. कुणी सांगितलेला, पाठवलेला कोड कधीही नाही. फसलात तर यादीतून तो कॉम्प्युटर आधी काढा आणि १९३० ला फोन करा.

तीन, जोडताना एक प्रश्न विचारा. हा कॉम्प्युटर तुमचा आहे की दुसऱ्याचा? दुसऱ्याचा म्हटलं तर तासाभरात आपोआप तोडा. माझा म्हटलं तर मला रोज दोनदा रांगेत उभं करू नका. सहा तास सगळ्यांना सारखेच लावण्यापेक्षा यात शहाणपण जास्त आहे. दुकानाच्या काउंटरवर तासभर पुष्कळ होतो, आणि घरच्या लॅपटॉपवर सहा तास नाहक कमी पडतात.

आणि दुकानवाल्या भावांना एक विनंती. १४ फायलींसाठी गिऱ्हाइकाचं अख्खं खातं तुमच्या कॉम्प्युटरवर लावायची गरज नसते. चॅटमध्ये एक फाइल दाबून धरली की बाकीच्या निवडता येतात आणि सगळ्या एकदम दुकानाच्या नंबरवर पाठवता येतात. चार्जिंगची केबल लावूनही फायली उतरतात, तिला ना कोड लागतो ना कोटा. ‘वेबच लावा’ हे तुमच्या सोयीचं आहे. गिऱ्हाइकाच्या सोयीचं म्हणून ते विकू नका.

काकांनाही एक उत्तर द्यायचं राहिलं होतं. ते मी त्या दिवशी दिलं नाही, कारण त्यांचा नंबर आला होता. त्यांना सातबाऱ्याची प्रिंट हवी होती. मुलीनं पावती घडी करून पाकिटात घातली, अर्ज मुदतीआधी गेला होता. निघताना ती पुन्हा काउंटरशी थांबली, फोन काढला, Linked devices उघडलं, इथला कॉम्प्युटरही काढून टाकला आणि स्क्रीनवरचे चॅट जाऊन पुन्हा तो चौकोन येईपर्यंत तिथंच उभी राहिली. रांग होती. कुणीतरी घसा खाकरला. ती हलली नाही.